लहान फोटोत दिवे का विझतात?

मलबार हिलवरून रात्री मरीन ड्राइव्हचा फोटो काढला, की कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये नरिमन पॉइंटच्या इमारतींची एकेक उजळलेली खिडकी दिसते. तोच 4000 पिक्सेल रुंदीचा फोटो वेबसाइटसाठी 1000 पिक्सेलचा केला, की जवळचे रस्त्यावरचे दिवे तसेच राहतात, पण लांबच्या खिडक्या मंद होतात, काही तर नाहीशाच होतात. तपशील गेला तर तक्रार नाही. जागाच कमी झाली, तेव्हा तो जाणारच. पण त्या खिडक्यांचा उजेडही गेला, आणि तो जायला नको होता. दोष फोटो लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हिशेबात असतो.

फोटोच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी 0 ते 255 असे आकडे असतात. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. मग 128 म्हणजे पांढऱ्याच्या निम्मा उजेड, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पडद्यावर 128 हा आकडा पांढऱ्याच्या जेमतेम 22 टक्के प्रकाश देतो. निम्म्या प्रकाशासाठी 188 लागतो.

ही वाकडी मोजपट्टी मुद्दाम ठेवलेली आहे. अंधारातला बारीक फरक आपल्या डोळ्याला चटकन कळतो, झगझगीत उजेडातला तेवढाच फरक कळत नाही. म्हणून 256 पायऱ्यांपैकी जास्त पायऱ्या गडद छटांना दिल्या जातात. या पद्धतीला गॅमा एन्कोडिंग म्हणतात. आज बहुतेक पडदे आणि वेबवरचे फोटो जो sRGB नियम पाळतात, तो 1999 साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. साठवणीसाठी ही सोय उत्तमच आहे. गडबड होते ती या आकड्यांची बेरीज-भागाकार करताना.

आता एकच खिडकी घेऊ. फोटो रुंदी-उंचीला चौथाई करायचा, म्हणजे मूळच्या सोळा पिक्सेलचा एक पिक्सेल होणार. त्या सोळांत एक खिडकीचा, पूर्ण पांढरा, 255. बाकीचे पंधरा रात्रीच्या आकाशाचे, काळे, 0. सॉफ्टवेअरने साठवलेल्या आकड्यांचीच सरासरी काढली तर 255 भागिले 16, म्हणजे 16 येतात. पडद्यावर 16 म्हणजे पांढऱ्याच्या अवघा अर्धा टक्का प्रकाश. काळ्या आकाशात तो शोधूनही सापडत नाही.

पण खरोखर किती प्रकाश होता? सोळा पिक्सेलपैकी एक पूर्ण उजळलेला, म्हणजे सोळावा हिस्सा, सव्वासहा टक्के. लांब उभं राहून मूळ फोटो पाहिला तर डोळ्यात तेवढाच प्रकाश शिरतो, कारण डोळा प्रकाशाची बेरीज करतो, फाइलमधल्या आकड्यांची नाही. सव्वासहा टक्क्यांसाठी फाइलमध्ये 71 हा आकडा हवा. 16 आणि 71 यांत प्रकाशाचा फरक जवळपास बारा पटींचा आहे. रस्त्यावरचे जवळचे दिवे मात्र वाचतात, कारण त्यांच्या सोळाच्या सोळा पिक्सेलमध्ये 255 असतं आणि दोन्ही हिशेबांत सरासरी 255 च येते.

उपाय सरळ आहे. आधी आकड्यांवरचा गॅमा काढून प्रत्यक्ष प्रकाशाची मूल्यं मिळवायची, सरासरी त्यांची काढायची आणि उत्तराला पुन्हा गॅमा लावून साठवायचं. यालाच लिनिअर लाइटमध्ये फोटो लहान करणं म्हणतात. इमेजमॅजिक या मोफत प्रोग्रामला हे स्पष्ट सांगावं लागतं:

```
magick drive.jpg -colorspace RGB -resize 25% -colorspace sRGB lahan.jpg
```

इथे `RGB` म्हणजे गॅमा काढलेली मूल्यं. मधला हिशेब 16 बिट किंवा त्याहून बारीक हवा. आठ बिटांत केला तर प्रकाशाच्या मापात 0 नंतरची पहिली पायरी थेट sRGB च्या 13 पाशी येते, आणि सावल्यांमधल्या तलम छटांऐवजी पट्टे दिसू लागतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. कॅमेऱ्यानेच दिवा 255 वर कापला असेल, तर त्यापलीकडचा खरा उजेड परत मिळत नाही. कडा धारदार ठेवणारं लँक्झोससारखं फिल्टर वापरलं, तर करड्या पार्श्वभूमीवरच्या दिव्याभोवती काळसर कडं उमटू शकतं. पांढऱ्या कागदावरची बारीक काळी अक्षरं या पद्धतीने फिकी आणि किरटी दिसतात, म्हणून छापील मजकुराच्या चित्रांसाठी काहीजण जुनाच हिशेब पसंत करतात. रात्रीचं शहर, चांदणं, पाण्यावरची चमक यांच्यासाठी मात्र लिनिअर लाइटच घ्यावा.

आपलं सॉफ्टवेअर काय करतं ते घरी तपासता येतं. एक काळा, एक पांढरा अशा एकेका पिक्सेलच्या घरांचा बुद्धिबळाचा पट तयार करा, तो निम्मा करा आणि रंग दाखवणाऱ्या साधनाने मधल्या करड्या रंगाचा आकडा वाचा. 188 च्या आसपास आला तर हिशेब प्रकाशाचा झाला. 128 च्या आसपास आला तर साठवलेल्या आकड्यांचा.