पडद्यावरचे पट्टे आणि शटरचा हिशोब

माळ्यावरचा व्हीसीआर अजून चालत असेल आणि पिक्चर ट्यूबचा जुना टीव्हीही हाताशी असेल, तर लग्नाची कॅसेट लावायची, समोर मोबाइल धरायचा आणि रेकॉर्डिंग करून घ्यायचं, ही कल्पना कुणालाही सहज सुचते. डोळ्यांना टीव्हीवरचं चित्र अगदी स्थिर दिसत असतं. मोबाइलमध्ये मात्र त्याच चित्रावर आडवा काळा पट्टा उमटतो, तो वरखाली सरकतो, मध्येच अख्खा पडदा लुकलुकतो. टीव्ही बिघडल्याची शंका येते, मग मोबाइलवर खापर फुटतं. खरं तर दोन्ही यंत्रं आपापलं काम चोख करत असतात. त्यांची वेळ तेवढी जुळत नसते, आणि ती जुळवण्याचं मुख्य साधन म्हणजे शटर स्पीड.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर पूर्ण चित्र एका क्षणी कधीच नसतं. ट्यूबच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत येतो आणि काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर, आपण वहीत लिहितो तसा, डावीकडून उजवीकडे एकेक ओळ उमटवत खाली जातो. भारतात वापरल्या गेलेल्या पॅल पद्धतीत चित्राच्या 625 ओळी असतात आणि त्या दोन फेऱ्यांत काढल्या जातात. एका फेरीत एकाआड एक ओळी, दुसऱ्या फेरीत राहिलेल्या. अशा 50 फेऱ्या दर सेकंदाला होतात, म्हणजे एका फेरीला 20 मिलिसेकंद लागतात. झोत पुढे गेला की मागची ओळ झपाट्याने मंदावते. आपले डोळे आणि मेंदू या फेऱ्या एकत्र करून सलग चित्र पाहतात. कॅमेऱ्याचं शटर तसं करत नाही. ते उघडं असताना जेवढा प्रकाश आला तेवढाच त्या फ्रेममध्ये नोंदला जातो. शटर सेकंदाचा 2000वा भाग, म्हणजे अर्धा मिलिसेकंद उघडं ठेवलं, तर तेवढ्या वेळात झोताने जेमतेम आठ ओळी काढलेल्या असतात. फोटोत एक झगझगीत पट्टी येते आणि बाकी पडदा अंधारात जातो.

पट्टे दिसले की अनेक जण शटर आणखी वेगवान करून पाहतात. हालणारी वस्तू स्पष्ट टिपायची तर वेगवान शटर लागतं, हा अनुभव असल्यामुळे तसं करावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण इथे त्याने काम बिघडतं. शटर किती वेगवान आहे याला इथे महत्त्व नाही. ते उघडं असताना पडद्याच्या किती फेऱ्या पूर्ण होतात, एवढंच पाहायचं, आणि ती संख्या पूर्णांकात आली पाहिजे.

पॅल टीव्हीसमोर शटर 1/50 ठेवलं, की ते बरोबर एका फेरीइतका वेळ उघडं राहतं. ते उघडलं तेव्हा झोत पडद्याच्या मध्यावर असला तरी बिघडत नाही. खालचा अर्धा भाग चालू फेरीतून मिळतो, वरचा अर्धा पुढच्या फेरीतून, आणि पडद्यावरच्या प्रत्येक जागेचा प्रकाश एकदाच नोंदला जातो. 1/25 ठेवलं तर प्रत्येक जागा दोनदा येते, तेही चालतं. शटर 1/60 केलं की ते 16.7 मिलिसेकंदच उघडं राहतं. फेरीचा सहावा हिस्सा निसटतो आणि तेवढ्या उंचीचा काळा पट्टा येतो. उलट 1/40 ठेवलं तर 25 मिलिसेकंदांत फेरी पूर्ण होऊन वर पाव फेरी जास्त होते. तो पाव भाग दोनदा नोंदला जातो आणि इतरांपेक्षा उजळ दिसतो. म्हणून आपण योग्य आकड्याच्या जवळपास असलो, तर पट्ट्याचा रंगच चूक सांगतो. पट्टा काळा असेल तर शटर कमी वेळ उघडं राहतंय, उजळ असेल तर जास्त वेळ.

मोबाइलच्या सेन्सरवरच्या ओळीसुद्धा एकदम नव्हे तर एकामागून एक प्रकाश घेतात. त्यामुळे पट्ट्याची जाडी वर सांगितलेल्या हिशोबापेक्षा वेगळी दिसू शकते. मूळ नियम मात्र बदलत नाही. सेन्सरची प्रत्येक ओळ 20 मिलिसेकंद प्रकाश घेत असेल, तर ती कधीही सुरू झाली तरी तिला एक पूर्ण फेरी मिळतेच.

पट्टा आहे की नाही, हे शटर ठरवतं. तो सरकतो की जागच्या जागी राहतो, हे ठरतं सेकंदाला किती फ्रेम घेतल्या जातात त्यावर. चित्रपटाच्या कॅमेऱ्याचं उदाहरण घेऊ. तो सेकंदाला 24 फ्रेम घेतो. त्याचं गोल फिरणारं शटर 180 अंश उघडं असेल, तर प्रत्येक फ्रेमला 1/48 सेकंद, म्हणजे 20.83 मिलिसेकंद प्रकाश मिळतो. पॅल टीव्हीच्या फेरीपेक्षा हे 0.83 मिलिसेकंदाने जास्त झालं. फरक किरकोळ वाटतो, पण पडद्याच्या उंचीच्या 24व्या भागाएवढा उजळ पट्टा त्यातून तयार होतो. शिवाय दोन फ्रेममधलं अंतर 41.67 मिलिसेकंदांचं, म्हणजे दोन फेऱ्यांपेक्षा थोडं जास्त. त्यामुळे हा पट्टा प्रत्येक फ्रेममध्ये थोडा पुढे जातो आणि अर्ध्या सेकंदात पडदा ओलांडतो. दिवाणखान्याच्या प्रसंगात मागे टीव्ही चालू असेल, तर प्रेक्षकाची नजर नटांवरून त्या पट्ट्याकडे गेल्याशिवाय राहत नाही.

यावर कॅमेरामनकडे दोन उपाय असतात. एक म्हणजे शटरचा कोन 180 ऐवजी 172.8 अंश करायचा, की 24 फ्रेमवरही प्रकाश बरोबर 1/50 सेकंद मिळतो. दुसरा म्हणजे कॅमेराच सेकंदाला 25 फ्रेमवर चालवायचा. मग 180 अंशांतही 1/50 मिळतं आणि दोन फ्रेममध्ये टीव्हीच्या बरोबर दोन फेऱ्या बसतात, म्हणून चुकून फिकट रेघ राहिलीच तर ती सरकत तरी नाही. मात्र 25वर घेतलेली फिल्म चित्रपटगृहात 24वर दाखवली, की ती चार टक्के हळू चालते. मुका प्रसंग असेल तर ते कळतही नाही. संवाद असतील तर आवाजाची सोय पाहावी लागते.

व्हिडिओ टेप येण्याआधी टीव्हीचे कार्यक्रम जतन करायचे तर टीव्हीचा पडदाच फिल्मवर टिपावा लागे, म्हणून अमेरिकेत हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. या पद्धतीला किनेस्कोप म्हणत आणि ईस्टमन कोडॅकने त्यासाठी 1947मध्ये खास कॅमेरा आणला. तिथला टीव्ही सेकंदाला 60 फेऱ्या करी, फिल्म 24 फ्रेमवर चाले. दोन फेऱ्यांना 1/30 सेकंद लागतो. फिल्मच्या एका फ्रेमच्या वाट्याला 1/24 सेकंद येतो. मधे उरतो तो सेकंदाचा 120वा भाग. या कॅमेऱ्याचं शटर 288 अंश उघडं आणि 72 अंश बंद ठेवलं होतं. उघडं असताना दोन फेऱ्या टिपायच्या आणि बंद असताना, त्या 120व्या भागात, फिल्म एक फ्रेम पुढे ओढायची. पण तेवढ्या वेळात टीव्हीचा झोत अर्धी फेरी पुढे जाई, त्यामुळे एकाआड एक फ्रेमची सुरुवात पडद्याच्या मध्यावर होई. शटर केसभर लवकर मिटलं तर तिथे काळी रेघ, उशिरा मिटलं तर पांढरी. साध्या यंत्रभागांवर हा सांधा जुळवणं हे फार मोठं कसब होतं.

आजच्या लॅपटॉपच्या किंवा एलसीडी टीव्हीच्या पडद्यावर असा फिरणारा झोत नसतो. चित्राचा ठिपका पुढचं चित्र येईपर्यंत तसाच राहतो, म्हणून अनेक एलसीडी पडदे कुठल्याही शटरवर स्वच्छ दिसतात. तरीही काही पडद्यांवर पट्टे येतात, कारण मागचा एलईडी दिवा. ब्राइटनेस कमी केला की बरेच पडदे दिवा मंद करत नाहीत, तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात. समजा, एखाद्या पडद्याचा दिवा सेकंदाला 240 वेळा लुकलुकतो. 1/60 सेकंदात त्याचे बरोबर चार फेरे बसतात, 1/50मध्ये 4.8, आणि 1/1000मध्ये एकाचा चौथा हिस्साही बसत नाही. म्हणून इथे पहिला उपाय शटरचा नाही. ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहावा. बहुतेक पडद्यांचा दिवा तेव्हा सलग जळतो आणि पट्टे जातात. ओएलईडी पडद्यांवर याची खात्री नसते. तिथे ठिपके स्वतःच लुकलुकतात, त्यामुळे शटर 1/60पासून थोडं थोडं बदलत बघावं लागतं.

आपल्याकडे आणखी एक पेच पडतो. लॅपटॉपचा पडदा साधारणपणे 60 हर्ट्झवर चालतो, तर घरातली वीज 50 हर्ट्झची असते आणि तिच्यावरचे जुने ट्यूबलाइट व स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. दिव्यांसाठी 1/50 योग्य, पडद्यासाठी 1/60. पडदा सावरला तर मागच्या भिंतीवर पट्टे येतात आणि भिंत सावरली तर पडद्यावर. सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट 50 हर्ट्झ करता येत असेल, तर सर्वांत उत्तम. मग 25 फ्रेम आणि 1/50 यांवर दोन्ही जुळतं. तशी सोय नसेल, तर ते दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात, 30 फ्रेम आणि 1/60 वर चित्रण करावं.

मोबाइल ऑटोवर ठेवला तर यातलं काहीच हातात राहत नाही. उजळ पडदा दिसताच तो शटरची वेळ कमी करतो आणि पट्टे वाढतात. त्यामुळे प्रो व्हिडिओ मोड किंवा शटर हाताने ठरवू देणारं ॲप वापरावं. आधी फ्रेम रेट, मग शटर ठरवावं आणि नंतर त्याला हात लावू नये. चित्र फार उजळ आलं तर आयएसओ कमी करावा, तेवढ्याने भागलं नाही तर भिंगापुढे एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच लावावी. पडद्याचाच ब्राइटनेस उतरवण्याचा मोह होतो, पण एलईडी दिव्याचं लुकलुकणं त्यानेच सुरू होतं.

एका दोषावर मात्र शटरचा काही उपयोग नाही. पडद्याचे ठिपके आणि सेन्सरचे ठिपके एकमेकांवर येऊन पाण्यावरच्या लहरींसारखी, इंद्रधनुषी नक्षी उमटते, तिला मॉयरे म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. कॅमेरा हातभर मागेपुढे केल्यावर नक्षी बदलली तर ती मॉयरे, आणि शटर बदलल्यावर बदलली तर ते लुकलुकण्याचे पट्टे. मॉयरेसाठी कॅमेऱ्याचा कोन किंवा अंतर बदलावं, किंवा फोकस किंचित सैल करावा. बारीक रेघा मोबाइलच्या छोट्या पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून अख्खी कॅसेट रेकॉर्ड करण्यापूर्वी दहा सेकंदांची क्लिप घेऊन ती मोठ्या पडद्यावर जरूर पाहावी.