गूगल उघडतं, बँक उघडत नाही

दिवाळीला कणकवलीला आलेली भाची सुट्टीतही दोन दिवस कामावर होती. घरचं ब्रॉडबँड बंद पडलेलं, म्हणून फोनचा हॉटस्पॉट चालू केला. लॅपटॉपवर गूगल लगेच आलं, यूट्यूब सुरळीत चाललं. बँकेची साइट मात्र नुसती फिरत राहिली आणि ऑफिसचं पोर्टल कोऱ्या पानावर अडकलं. "मामा, हेच सगळं फोनवर उघडतंय बघ," असं म्हणून तिने फोन पुढे केला. शेजारच्यांनी निदान आधीच केलं होतं : डेटा सेव्हर चालू असणार.

तो चालू नव्हता, आणि असता तर वेगळंच दिसलं असतं. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१६ साली सातव्या आवृत्तीत आली. मूळ अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर चालू असेल तर हॉटस्पॉट सुरूच होत नाही, तशी सूचना पडद्यावर येते. निवडक साइट अडवणं त्याच्या स्वभावात नाही. विंडोजमधली 'मीटर्ड कनेक्शन'ची खूणही अशीच उगीच बदनाम आहे. ती अपडेट आणि पार्श्वभूमीवरची कामं लांबणीवर टाकते, ब्राउझरला हात लावत नाही. काही फोनमध्ये हॉटस्पॉटसाठी डेटाची मर्यादा ठरवता येते, पण ती संपली की हॉटस्पॉट बंद होतो, म्हणजे सगळंच जातं. रोजचा कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला तर फोनही तितकाच रडतो.

कंपनीने हॉटस्पॉटवर घातलेली बंधनं हा प्रकार अमेरिकेत राहणाऱ्यांना जास्त ओळखीचा. तिथल्या अनेक प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा कोटा वेगळा असतो. डेटा लॅपटॉपचा आहे हे नेटवर्कला ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे प्रत्येक पाकिटावरचा टीटीएल हा आकडा. अँड्रॉइड फोन तो ६४ पासून सुरू करतो, विंडोज १२८ पासून. लॅपटॉपचं पाकीट फोनमधून पुढे जाताना त्यातला एक कमी होतो. म्हणून नेटवर्कला ६३ किंवा १२७ दिसलं की मागे आणखी एक यंत्र आहे हे कळतं. पण या बंधनाचा परिणामही सहसा सरसकट वेगावर होतो. गूगल चालावं आणि बँक अडावी, याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

पहिला संशय पत्त्यांच्या जुन्या-नव्या पद्धतीवर घ्यावा. आपल्याकडची काही मोबाइल नेटवर्क मुळात आयपीव्ही६ वर चालतात. गूगल, यूट्यूब, फेसबुक या नव्या पद्धतीने पोहोचता येतात. अनेक बँका, सरकारी पोर्टलं, लहान संस्थांच्या साइट अजून फक्त आयपीव्ही४ वर आहेत. फोनमध्ये त्यासाठी एक दुभाषा असतो, तो जुन्या पद्धतीची पाकिटं नव्यात बदलून पाठवतो. हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपलाही त्याचा उपयोग व्हायला हवा. कधी कधी तो होत नाही आणि लॅपटॉप फक्त नव्या रस्त्यावर उरतो. हे तपासायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ पुरते :

```
ping -4 1.1.1.1
```

गूगल उघडत असताना इथे एकही उत्तर आलं नाही, तर दोष बहुधा इथेच. फोनचा विमान मोड चालू-बंद करून पाहावा. तेवढ्याने भागलं नाही तर फोनच्या एपीएन सेटिंगमध्ये प्रोटोकॉल IPv4/IPv6 असा दोन्ही आहे का, ते बघावं.

भाचीच्या लॅपटॉपवर मात्र उत्तरं व्यवस्थित येत होती. तेव्हा उरला दुसरा संशय, पाकिटाच्या आकाराचा. माझ्या मते अशा तक्रारींत सर्वांत कमी तपासलं जातं ते हेच.

वाय-फायवर लॅपटॉप धरून चालतो की एका पाकिटात १५०० बाइट मावतात. मोबाइल नेटवर्कमध्ये मात्र प्रत्येक पाकीट टॉवरकडून पुढे नेताना त्यावर आणखी एक वेष्टन चढतं. म्हणून आतल्या पाकिटाला जागा कमी उरते. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने यासाठी १३५८ बाइटांचा आकडा सुचवला आहे. प्रत्यक्षात तो नेटवर्कनुसार बदलतो. फोनला आपला आकडा नेटवर्ककडून कळलेला असतो. जोडणी सुरू होतानाच तो साइटच्या सर्व्हरला सांगतो की मला एवढ्याच मापाचं पाठव. लॅपटॉप बिचारा १५०० च्या हिशेबाने मागतो. मधल्या फोनने हे मागणं दुरुस्त करून पुढे पाठवावं अशी अपेक्षा असते, आणि बहुतेक फोन ते करतात. जिथे ते होत नाही, तिथे घोळ सुरू होतो.

रेल्वेपुलाखालच्या रस्त्याआधी उंचीची कमान असते. भरलेला ट्रक तिथे अडला की कोणीतरी मागे निरोप द्यायला हवा की माल कमी करून पाठवा. इंटरनेटवर हा निरोप देण्याची पद्धत १९९० सालीच ठरली आहे. पण अनेक सर्व्हरांसमोरची फायरवॉल सुरक्षेच्या नावाखाली नेमका हाच निरोप अडवते. सर्व्हरला काहीच कळत नाही, तो तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

त्यामुळे लक्षणंही विचित्र दिसतात. लहान पाकिटं जातात, म्हणून जोडणी झालेली दिसते. मग साइट आपलं सुरक्षा प्रमाणपत्र पाठवते. ते काही हजार बाइटांचं असल्याने भरगच्च पाकिटांतून येतं आणि वाटेतच हरवतं. पान पांढरं राहतं आणि बऱ्याच वेळाने ERR_TIMED_OUT दिसतं. (साइटचं नावच सापडत नाही अशी चूक क्षणात आली, तर तो डीएनएसचा दोष, हा नव्हे.) क्रोममध्ये गूगल आणि यूट्यूब सहसा क्विक नावाच्या पद्धतीने बोलतात. ती सुरुवातच १२०० बाइटांच्या आसपासच्या पाकिटांनी करते, त्यामुळे कमानीखालून अलगद निघून जाते.

आकडा मोजायला हे चालवावं :

```
ping -f -l 1472 1.1.1.1
```

इथे -f म्हणजे पाकिटाचे तुकडे करू नकोस. १४७२ बाइटांवर २८ बाइटांची शीर्षकं चढली की १५०० होतात. 'Packet needs to be fragmented' असं उत्तर आलं तर निदान वाटेत कोणीतरी बोलतंय. लहान पिंगला उत्तर येतं आणि इथे मात्र नुसतं 'Request timed out', तर पाकीट मुकाट्याने गायब होतंय. मग आकडा उतरवत जायचं. भाचीच्या लॅपटॉपवर १४७२ ला शांतता होती, १३७२ ला उत्तर आलं, १३७३ ला पुन्हा शांतता. १३७२ आणि २८ मिळून १४०० झाले. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तेवढा आकडा लॅपटॉपला सांगितला :

```
netsh interface ipv4 set subinterface "Wi-Fi" mtu=1400 store=active
```

"Wi-Fi" हे जोडणीचं नाव आहे. आपल्या लॅपटॉपवर ते वेगळं असेल तर netsh interface ipv4 show subinterfaces या आज्ञेने दिसतं. आता लॅपटॉप स्वतः लहान पाकिटं पाठवतोच, शिवाय सर्व्हरकडेही लहानच मागतो, म्हणून दोन्ही दिशा मोकळ्या होतात. बँकेची साइट लगेच उघडली.

ऑफिसचं पोर्टल मात्र व्हीपीएन लावल्यावर पुन्हा अडकलं. व्हीपीएन प्रत्येक पाकिटावर स्वतःचं वेष्टन चढवतं, म्हणजे १४०० मधूनही जागा जाते. व्हीपीएनच्या जोडणीचा आकडा त्यासाठी वेगळा उतरवावा लागतो. तिच्या बाबतीत १३०० ला काम झालं. १२८० च्या खाली मात्र जाऊ नये, कारण आयपीव्ही६ ला किमान तेवढी जागा लागतेच. store=active लिहिल्यामुळे हा बदल लॅपटॉप पुन्हा सुरू करेपर्यंतच टिकतो, आणि तेच बरं. त्याजागी persistent लिहिलं, तर घरच्या ब्रॉडबँडवरही लॅपटॉप लहान पाकिटंच वापरत बसतो.