मृणालच्या नावाची कविता

मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिच्या नावाच्या अक्षरांवरून शुभेच्छा-कविता लिहायची, तर आधी नाव फोडावे. मराठीत अक्षर मात्रेसकट घ्यायचे: 'मृणाल' म्हणजे मृ, णा, ल. एकेका अक्षराने एकेक ओळ सुरू होते. 'ल' अगदी सोपा. पण 'ण'ने मराठीत शब्दच सुरू होत नाही. त्याजागी 'न' घातला, तर नावच बिघडते. त्यापेक्षा आदल्या ओळीतला शब्द तोडावा:

मृदू तुझी वाणी, न दुखवी को-
णाचेही मन कधी;
लखलखो तुझे उदंड आयुष्य.

'कोणाचेही' तुटला, तरी वाचताना जीभ अडत नाही. 'ळ'ची अडचणही अशीच सुटते. शुभेच्छापत्रावर पहिली अक्षरे मात्र ठळक लिहा, नाहीतर नाव लपूनच राहील.