बहीण-भावातील अदलाबदल दस्त

वाटणी होऊन सातबारे वेगळे झाल्यावरच बहीण-भावांना जमिनीची अदलाबदल करता येते. खाते सामाईक असेल, तर आधी वाटप लागते. समजा, भावाचे विहिरीलगतचे 40 गुंठे बहिणीच्या घराशेजारी आहेत आणि बहिणीचे ओढ्याकडचे 40 गुंठे भावाच्या शेताला लागून. शासकीय दराने पहिल्याची किंमत 12 लाख, दुसऱ्याची 9 लाख. महाराष्ट्रात अदलाबदलीचे मुद्रांक शुल्क जास्त किमतीच्या मिळकतीवर, खरेदीखताच्या दराने लागते. म्हणजे ते 12 लाखांवर बसेल. 21 लाखांवर नाही, आणि 3 लाखांच्या फरकावरही नाही. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

दस्तात दोन्ही गटांचे क्षेत्र आणि चतुःसीमा स्वतंत्र लिहाव्यात. इतर हक्कात सोसायटीचा बोजा असेल, तर तो जमिनीबरोबर जातो. भावाचे कर्ज बहिणीच्या सातबाऱ्यावर दिसत राहते. म्हणून तो आधी फेडलेला बरा.

नोंदणीनंतर तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस देतो. 15 दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद झाली, तरी दोन्ही सातबारे काढून पाहावेत. कधी एकाच गटावर नाव बदललेले असते.