एक ओळ मंत्रचळाची

टी.वाय.बी.ए.ची परीक्षा जवळ आली की कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अपसामान्य मानसशास्त्राचा एक तक्ता हमखास मिळतो. आडव्या ओळींत विकृतींची नावं, उभ्या रकान्यांत लक्षणं, कारणं आणि उपचार. दोन पानांत अख्खा पेपर. त्यातली ओसीडीची, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो त्याची, ओळ बहुतेक वेळा अशी असते : ‘सारखे हात धुणे, कुलूप तपासणे, आनुवंशिकता, मेंदूतील रसायनांचा असमतोल, ताणतणाव, औषधे व समुपदेशन.’ यात ठार चूक असं काही नाही. पण नाव आणि लक्षणं हाताखाली झाका आणि उरलेले दोन रकाने वाचा. ही ओळ नैराश्याची आहे, भयगंडाची आहे की छिन्नमनस्कतेची, काही सांगता येत नाही. सगळ्या विकृतींना तीच कारणं आणि तेच उपचार असतील, तर ते रकाने आखले कशाला?

तक्त्याला माझा विरोध नाही. वीस-पंचवीस विकृती डोक्यात ठेवायच्या तर तो लागतोच. मात्र लक्षणावरून कारणाकडे आणि कारणावरून उपचाराकडे जाता आलं, तरच तो पाठ करण्यात अर्थ आहे. मंत्रचळाची एकच ओळ घेऊन हे करून पाहू.

समजा, वीस वर्षांची एक मुलगी आहे. रात्री झोपायच्या आधी ती गॅसचं बटण आणि रेग्युलेटर बंद आहे ना, हे पाहते. अंथरुणावर पडते आणि मनात येतं, ‘नीट पाहिलं का? राहिलं असेल तर घर पेटेल, आणि ते माझ्यामुळे पेटेल.’ उठून पुन्हा पाहते, जरा बरं वाटतं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मग ती मोबाइलवर रेग्युलेटरचा फोटो काढून ठेवू लागते. काही दिवसांनी फोटोवरही भरवसा बसेनासा होतो : हा आजचा की कालचा? शेवटी आईला हाक जाते, ‘आई, तू बघितलंस ना?’ आई म्हणते, ‘अगं हो, बंद आहे, झोप आता.’ रोज या सगळ्यात दीड तास जातो. बटण बंद आहे हे तिला कळतं, तरी उठल्याशिवाय राहवत नाही.

लक्षणांच्या रकान्यात नुसतं ‘तपासणे’ लिहिलं तर यातला अर्धा भाग सुटतो. मंत्रचळात दोन गोष्टी असू शकतात. एक, नको असताना मनात घुसणारा, अस्वस्थ करणारा विचार. दुसरी, ती अस्वस्थता खाली आणण्यासाठी केलेली कृती. निदानाला यातली एकही पुरते, पण बहुतेकांत दोन्ही सापडतात आणि एकमेकींना बांधलेल्या असतात. ही कृती बाहेरून दिसेलच असंही नाही. मनातल्या मनात आकडे मोजणं, एखादा शब्द ठरावीक वेळा म्हणणं, हेही त्यातच येतं. शिवाय मोजमाप हवं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या वर्गीकरणानुसार दिवसाकाठी एक तासाहून जास्त वेळ यात जात असेल, किंवा त्यामुळे मोठा त्रास होत असेल, कामधाम अडत असेल, तरच निदान होतं. घराबाहेर पडताना कुलूप एकदा ओढून पाहणारा माणूस यात बसत नाही.

याच रकान्यात शेजारच्या विकृतींपासूनचा फरक एका वाक्यात लिहून ठेवावा. सर्वसाधारण चिंता विकृतीतली काळजी पैसा, परीक्षा, तब्येत अशा रोजच्या विषयांवर फिरते आणि तिच्यामागे ठरलेले विधी नसतात. जवळपास याच नावाची एक व्यक्तिमत्त्व विकृती आहे. तिच्यात माणूस शिस्त आणि नेटकेपणाच्या मागे इतका लागतो की घरचे वैतागतात. पण त्याला स्वतःला आपलं वागणं योग्यच वाटतं. आपल्या मुलीला आपलं वागणं नको झालेलं आहे. परीक्षेत या दोन नावांचा घोळ फार जण घालतात.

आता कारणं. हा रकाना मधोमध रेघ मारून दुभागावा : एका बाजूला विकृती कशाने सुरू होते, दुसऱ्या बाजूला ती कशाने टिकून राहते. सुरू होण्याच्या बाजूला आनुवंशिकता येते. मंत्रचळ असलेल्या माणसाच्या आईवडिलांत, भावंडांत किंवा मुलांत तो असण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. मेंदूतल्या, कपाळामागच्या भागाला खोलवरच्या केंद्रांशी जोडणाऱ्या एका वर्तुळाची जास्तीची हालचालही इथेच लिहायची. ही बाजू खरी आहे, पण तिने धोका वाढतो एवढंच कळतं. या मुलीने आज रात्री पाचव्यांदा का उठावं, याचं उत्तर दुसऱ्या बाजूला आहे.

1978 साली रॅकमन आणि डी सिल्वा यांनी मंत्रचळाच्या रुग्णांचे आणि धडधाकट माणसांचे नकोसे विचार शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आशयात दोन्ही बरेच सारखे निघाले. कुणाला तरी ढकलून देऊ का, गॅस चालू राहिला तर, असले विचार सर्वांनाच येतात. मग फरक कुठे पडतो? पॉल साल्कोव्स्किस यांनी 1985 मध्ये याचं उत्तर मांडलं : फरक विचाराला दिलेल्या अर्थात असतो. ‘काय भलतंच मनात आलं’ म्हणून एक जण कूस बदलतो. दुसऱ्याला वाटतं, विचार आला म्हणजे धोका आहे, आणि तो टाळण्याची जबाबदारी माझी. एकदा जबाबदारी अंगावर घेतली की उठून पाहणं आलंच.

उठून पाहिलं की बरं वाटतं, आणि खरी अडचण इथेच आहे. तपासल्याने मिळालेला सुटकारा हे त्या कृतीचं बक्षीस ठरतं, म्हणून ती पुढच्या वेळी आणखी लवकर घडते. शिवाय, न तपासताही घर पेटलं नसतं आणि अस्वस्थता आपोआप उतरली असती, हे शिकायची संधीच मिळत नाही. आईचं ‘हो, बंद आहे’ हेदेखील तपासणंच आहे, फक्त ते दुसऱ्याकडून करून घेतलेलं. जिव्हाळ्यापोटी दिलेला दिलासा विकृतीला खतपाणी घालतो, हे घरच्यांना पटवणं अनेकदा सर्वांत अवघड जातं.

कारण असं लिहिलं की उपचार वेगळा पाठ करावा लागत नाही. कृती टिकवून ठेवणारी असेल, तर भीतीला सामोरं जायचं आणि कृती रोखायची. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये धुण्याच्या विधींत अडकलेल्या रुग्णावर हेच केलं. परिचारिका सतत लक्ष ठेवत आणि खोलीतला पाण्याचा नळही बंद ठेवला जाई. आजची पद्धत इतकी कडक नाही; तिच्यात रुग्णाची संमती आणि पायऱ्या असतात. मुलगी आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून प्रसंगांची यादी करतात आणि प्रत्येकाला शून्य ते शंभर असे अस्वस्थतेचे गुण देतात. आई घरी असताना गॅस एकदाच पाहून झोपणं, चाळीस. फोटो न काढता झोपणं, साठ. घरी एकटी असताना चहा करून, बटण बंद करून, मागे न पाहता तासाभरासाठी बाहेर पडणं, नव्वद. सुरुवात चाळीसपासून. बटण बंद करायचं, एकदा पाहायचं, खोलीत यायचं आणि उठायचं नाही. अस्वस्थता चढते, काही वेळ तिथेच राहते, मग बहुधा ओसरू लागते. आईनेही ठरलेलं एकच उत्तर द्यायचं : ‘याचं उत्तर मी देणार नाही, असं आपलं ठरलंय.’ हेच रोज करून पुढची पायरी.

यात फसगतही ठरावीक ठिकाणी होते. मुलगी उठत नाही, पण पडल्या पडल्या ‘मी बटण फिरवलं होतं, टक आवाज आला होता’ अशी उजळणी करत राहते. ही मनातली तपासणीच आहे. ती रोखली नाही तर सराव होऊनही फरक पडत नाही. शिवाय ही पद्धत सर्वांना झेपत नाही. काही जण सुरू करायलाच नकार देतात, काही मध्येच सोडतात, काहींची लक्षणं उरतात.

औषधांत सिरोटोनिनवर काम करणारी एसएसआरआय गटातली औषधं पहिली येतात. क्लोमिप्रामिन हे जुनं, पण उपयोगी औषध. तक्त्यात एक तपशील घालावा : नैराश्यापेक्षा इथे बहुधा जास्त मात्रा लागते आणि परिणाम ठरवायला आठ ते बारा आठवडे थांबावं लागतं. मात्र औषध लागू पडलं म्हणून कारणांच्या रकान्यात ‘सिरोटोनिनची कमतरता’ लिहून टाकू नये. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या अभावाने येतो असं आपण म्हणत नाही. 1992 साली बॅक्सटर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पेट स्कॅनवर दाखवलं की फ्लुऑक्सेटिन घेऊन बरे वाटलेल्यांत आणि केवळ वर्तनोपचाराने बरे वाटलेल्यांत मेंदूच्या त्याच भागातली हालचाल कमी झाली होती. कृती रोखण्याच्या सरावानेही मेंदूत बदल होतो. तेव्हा उपचारावरून कारण ओळखण्याची घाई नको.

बाकीच्या ओळी याच रीतीने भरायच्या, पण प्रत्येकीची नाडी वेगळी असते. छिन्नमनस्कतेच्या ओळीत मुदत विसरून चालत नाही : तशीच लक्षणं महिन्याच्या आत पूर्ण ओसरली तर एक निदान, एक ते सहा महिन्यांत दुसरं, आणि सहा महिन्यांपलीकडे गेली तरच छिन्नमनस्कता. तीव्र नैराश्याला दोन आठवडे, सर्वसाधारण चिंता विकृतीला सहा महिने.

आणि हातात आलेला तक्ता जुना आहे का, हे आधी पाहा. त्यात मंत्रचळ ‘चिंता विकृती’ या प्रकरणाखाली असेल किंवा छिन्नमनस्कतेचे संशयी, विस्कळित वगैरे उपप्रकार दिले असतील, तर तो 2013 पूर्वीच्या वर्गीकरणावर बेतलेला आहे. डीएसएम-५ ने मंत्रचळाला स्वतंत्र प्रकरण दिलं आणि ते उपप्रकार काढून टाकले. असा तक्ता झेरॉक्स करण्यापेक्षा कोरा कागद आखून स्वतः भरायला घ्या.