निशाणी 5 वर काय ठरतं?

जमिनीचा दिवाणी दावा दहा-पंधरा वर्षं सहज रेंगाळतो. तोवर जमीनच विकली गेली तर निकालाचा कागद घेऊन करायचं काय? म्हणून वादी दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज देतो. आपल्याकडच्या कोर्टांत या अर्जाला बहुधा ‘निशाणी 5’ हा क्रमांक पडतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 39व्या आदेशाखाली त्यावर सुनावणी होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वडील मृत्युपत्र न करता वारले, तीन एकर जमीन मागे राहिली. सातबाऱ्यावर एकट्या भावाचं नाव लागलं आणि त्याने गिऱ्हाईक शोधलं. बहिणीने वाटपाचा दावा लावून निशाणी 5 दिली.

न्यायाधीश आधी प्रथमदर्शनी बाजू पाहतात. बहिणीने हक्क सिद्ध करण्याची ही वेळ नाही. तिचा दावा पोकळ नाही, पुरावा घेऊन तपासण्याजोगा प्रश्न त्यात आहे, एवढं कागदांवरून दिसलं की पुरे. जुना सातबारा आणि वारसांचा तपशील तिला इथे उपयोगी पडतो. भावाचं नुसतं नाव लागल्याने तो एकटा मालक ठरत नाही, कारण सातबारा मुळात महसुली नोंद आहे. पण त्याने बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पुढे केलं, आणि तिने ते अर्जात दडवलेलं असलं, तर तिचा अर्ज बहुधा तिथेच बारगळतो.

एवढ्यावर मनाई मिळत नाही. दलपत कुमार विरुद्ध प्रह्लाद सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. पैशाने भरून न येणारं नुकसान आणि दोन्ही बाजूंच्या सोयी-गैरसोयीचा तोल, हेही दाखवावं लागतं.

खरी कसोटी इथेच लागते. विक्री थांबवली तर भावाचा व्यवहार लांबेल, पण जमीन त्याच्याकडेच राहील. थांबवली नाही तर प्लॉट पडतील, नवे खरेदीदार उभे राहतील आणि बहिणीला एकेकामागे धावावं लागेल. म्हणजे पारडं तिच्याकडे झुकतं. पण ‘भावाने पेरणीही करू नये’ असं तिने मागितलं तर? हंगाम बुडेल, रान पडीक राहील आणि तिच्या पदरात काहीच पडणार नाही. अशा वेळी विक्रीला मनाई आणि वहिवाट जैसे थे, असा मधला हुकूम देता येतो. माझ्या मते सगळंच मागणारा अर्ज पुष्कळदा स्वतःचंच नुकसान करून घेतो.

उद्याच खरेदीखत होणार असेल तर समोरच्याला नोटीस न देताही हुकूम मिळू शकतो. मात्र कोर्टाला कारणं नोंदवावी लागतात आणि अर्ज 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा लागतो. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. तेव्हा विक्रीची कुणकुण लागताच, सगळे कागद घेऊन, अगदी आपल्याविरुद्ध जाणारेही, वकिलाकडे जा. उशीर तोल पाहताना तुमच्याच विरोधात मोजला जातो.