३१ मार्चच्या पलीकडचे बजेट

रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, मार्च २०२२ मध्ये, ब्रेंट कच्च्या तेलाने पिंपामागे १३९ डॉलरचा टप्पा गाठला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हेच तेल ऐंशी डॉलरच्या खाली आले होते. आपल्याकडच्या कंपन्यांचे २०२२-२३ चे बजेट मात्र त्याआधीच, जानेवारी-फेब्रुवारीत, एक्सेलमध्ये भरून आणि साहेबांची सही होऊन तयार होते. रंग, टायर, प्लास्टिक, वाहतूक अशा तेलाशी बांधलेल्या धंद्यांत ते वर्षभर कितपत उपयोगी पडले असेल, हे सांगायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही.

या अडचणीतून बाहेर पडलेली एक जुनी कंपनी म्हणजे बोरेआलिस. १९९४ मध्ये नॉर्वेची स्टॅटऑइल आणि फिनलंडची नेस्टे यांचे पेट्रोकेमिकल धंदे एकत्र करून ती उभी राहिली. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन बनवणे हे तिचे काम, म्हणजे कच्च्या मालाचा भाव तिच्या हातात नाही आणि विक्रीचा भावही फारसा नाही. दुसऱ्याच वर्षी तिने वार्षिक बजेट बंद केले आणि दर तिमाहीला पुढच्या पाच तिमाहींचा अंदाज मांडायला सुरुवात केली. एक तिमाही संपली की ती गळते आणि टोकाला नवी जोडली जाते. त्यामुळे कोणत्याही महिन्यात पाहिले तरी समोर वर्षभराचा रस्ता दिसतो.

दर तिमाहीला अंदाज सुधारणे आणि बजेट पुढे सरकवणे या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. इन्फोसिसने एप्रिल २०२३ मध्ये वर्षाची महसूलवाढ ४ ते ७ टक्के राहील असे सांगितले. जुलैत ती १ ते साडेतीन टक्क्यांवर आणली, ऑक्टोबरात १ ते अडीच, जानेवारीत दीड ते दोन. प्रत्यक्षात वाढ झाली १.४ टक्के. अंदाज तीनदा सुधारला, पण नजर शेवटपर्यंत ३१ मार्चवरच होती. गुंतवणूकदारांसाठी ते ठीकच आहे, त्यांना वर्षाचाच आकडा हवा असतो. कारखाना चालवणाऱ्याला मात्र जानेवारीत केवळ तीन महिन्यांचे दिसून भागत नाही.

एक काल्पनिक कारखाना घेऊ. एमआयडीसीत प्लास्टिकचे क्रेट बनतात, तिमाहीला ३०० टन. विक्री किलोला १६० रुपये, दाणा १०० रुपये, वीज-मजुरी वगैरे २० रुपये. किलोमागे ४० रुपये उरतात, म्हणजे तिमाहीला १ कोटी २० लाख. पगार, भाडे, व्याज असा ७५ लाखांचा ठरलेला खर्च वजा केला की ४५ लाख नफा, वर्षाचा १ कोटी ८० लाख. हे झाले फेब्रुवारीतले बजेट.

एप्रिल ते जूनमध्ये दाणा ११२ वर गेला. गिऱ्हाइकांशी करार असा की, मागच्या तिमाहीच्या सरासरी दाण्याप्रमाणे पुढच्या तिमाहीचा दर बदलायचा. म्हणजे विक्री अजून १६० रुपयांनीच. किलोमागे २८ रुपये उरले आणि नफा ९ लाखांवर आला. वार्षिक बजेट पाळणाऱ्या कंपनीत जुलैच्या मीटिंगला काय होते, हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. "३६ लाख कमी पडलेत, उरलेल्या तीन तिमाहींत भरून काढा." म्हणजे दर तिमाहीला ५७ लाख. हा आकडा बाजारातून आलेला नाही, भागाकारातून आला आहे.

आता तोच जुलै पाच तिमाहींच्या अंदाजाने पाहू. जुलै ते सप्टेंबर विक्रीचा दर १७२ होणार, किलोमागचे ४० रुपये परत मिळणार, पण वाढीव दराने मागणी २७० टनांवर येईल. नफा ३३ लाख. ऑक्टोबरनंतर दाणा १०४ पर्यंत उतरेल अशी अपेक्षा. तेव्हा विक्री १७२ नेच चालू असेल, मागणीही ३०० टनांवर परतेल आणि नफा ६९ लाख दिसेल. जानेवारीत दर खाली येऊन पुन्हा ४५ लाख. वर्ष १ कोटी ५६ लाखांवर संपेल.

त्या ६९ लाखांवर कोणी पाठ थोपटून घेऊ नये आणि त्या ९ लाखांवरून कोणाला झापूही नये. दोन्ही गोष्टी कराराच्या त्या एकाच कलमाने घडवल्या आहेत.

खरी मदत होते ती पैशाच्या आघाडीवर. दाणा रोखीने घ्यावा लागतो, तो महिनाभर गोदामात असतो आणि गिऱ्हाईक साठ दिवसांनी पैसे देते. महाग दाण्यामुळे महिन्याला सुमारे १२ लाख जास्त लागतात आणि ते तीन महिने अडकतात. म्हणजे साधारण ३५ लाखांची जादा सोय हवी. कॅश क्रेडिट लिमिट वाढवून मागायला बँकेत जुलैत जाणे आणि चेक परत येऊ लागल्यावर सप्टेंबरात जाणे, यातला फरक बँक मॅनेजर चांगला ओळखतो.

दुसरा मुद्दा नव्या मोल्डिंग मशीनचा. ऑर्डर ऑक्टोबरात, मशीन चालू होणार फेब्रुवारीत, कमाई एप्रिलनंतर. वार्षिक बजेटला तिचा जवळजवळ फक्त खर्चच दिसतो. ५७ लाखांचे ओझे डोक्यावर असलेला मॅनेजर ती ऑर्डर हमखास पुढे ढकलतो. पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा तक्ता समोर असेल तर खर्चाशेजारी कमाईही दिसते.

यासाठी मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. या कारखान्यात दाण्याचा भाव, टन, विक्रीचा दर आणि वसुलीचे दिवस एवढ्या चारच गोष्टी दर तिमाहीला नव्याने तपासायच्या. जवळची तिमाही महिन्यावार, बाकीच्या ठोकळ. स्टेशनरीचा आणि चहापाण्याचा आकडा वर्षातून एकदा टाकला तरी चालतो. हे न कळल्यामुळे काही कंपन्या वार्षिक बजेटची चारशे ओळींची कसरत वर्षातून चारदा करतात आणि दोन वर्षांत दमून जुन्या पद्धतीवर परततात.

पण पद्धत बिघडते ती बहुतेक वेळा बोनसमुळे. बोरेआलिसमध्ये बजेट काढून टाकण्याचे काम केलेले आणि नंतर २००५ मध्ये स्टॅटऑइललाही त्याच वाटेवर नेणारे ब्यार्ते बोग्स्नेस यांचे म्हणणे असे की, आपण एकाच आकड्याकडून तीन कामे करून घेतो. तो टार्गेट असतो, तो अंदाज असतो आणि खर्चाची परवानगीही तोच असतो. टार्गेट चढे हवे, अंदाज खरा हवा. एकच आकडा दोन्ही कसा होईल? हवामान खाते एप्रिलमध्ये मॉन्सूनचा अंदाज देते आणि मेअखेरीस सुधारते. कमी पाऊस सांगितला म्हणून तिथे कोणाचे इन्क्रिमेंट कापले जात नाही. कंपनीत सेल्सवाल्याने विक्री घटेल असे खरे सांगितले, तर त्याच्यावर "टार्गेट सोडून दिले" असा शिक्का बसतो. मग तो पुढच्या वेळी साहेबांना आवडेल तेच लिहितो.

हे ओळखता येते. तीन महिन्यांपूर्वीचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा सलग सहा-आठ तिमाही शेजारी शेजारी मांडा. चुका कधी वर, कधी खाली असतील तर तो बाजाराचा लहरीपणा. सगळ्या एकाच बाजूला असतील तर कोणीतरी आकडा लपवतो आहे किंवा फुगवतो आहे. "ही तिमाही खराब, पण दोन तिमाहींनी सुधारेल" हे वाक्य दर तिमाहीला जसेच्या तसे पुढे सरकत असेल, तर तो अंदाज नव्हे.

वार्षिक आकड्यापासून पूर्ण सुटका आपल्याकडे होत नाही. बँक वर्षावार अंदाज मागते, संचालक मंडळालाही वर्षाचा आकडा हवा असतो. तो द्यावा, पण ताज्या अंदाजातून काढून द्यावा. फी, पगार आणि भाडे हेच ज्यांचे मुख्य व्यवहार आहेत त्या शाळा-संस्थांनी या भानगडीत पडू नये. त्यांना वर्षाचे बजेट पुरते. ज्यांचा मुख्य कच्चा माल वर्षातून दोन-तीनदा भाव बदलतो आणि ज्यांचे पैसे साठ दिवस बाजारात अडकतात, त्यांनी मात्र पुढच्या मार्च एंडची वाट न पाहता येत्या तिमाहीपासूनच हा तक्ता मांडायला घ्यावा, आणि पहिली दोन वर्षे तरी त्यातला एकही आकडा कोणाच्या बोनसला जोडू नये.